गूगल शीट्समधला महिन्याचा हिशोब: नऊ महिने वापरल्यानंतर

एप्रिलपासून घरखर्च गूगल शीट्समध्ये लिहितोय. मुलुंडहून सीएसएमटीला जाताना बसायला जागा मिळाली की आदल्या दिवसाचा खर्च फोनवर टाकायचा, एवढाच नेम. तारीख, तपशील, जमा, खर्च, शिल्लक असे B ते F रकाने आणि दर महिन्याला एक टॅब. बँक आणि पाकीट मिळून एकच शिल्लक धरतो, त्यामुळे एटीएममधून काढलेले पैसे खर्चात लिहीत नाही.

खर्च लिहिणं सोपं आहे. मला छळलं ते शिल्लक रकान्याने.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच केलं: वरच्या ओळीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च.

```
=F6+D7-E7
```

मे महिन्यात सहाव्या ओळीत पगार जमा होऊन शिल्लक 60,400 झाली होती. सातवीत दूधवाल्याचे 1,480 गेले, उरले 58,920. आठवीत लाइट बिल 2,130, उरले 56,790. मग आठवलं की मध्ये डॉक्टरांचे 650 राहिलेत. मध्ये ओळ घातली, 650 लिहिले, सूत्र ओढलं. त्या ओळीत 58,270 बरोबर आले. खाली लाइट बिलासमोर मात्र 56,790 तसेच! यायला हवे होते 56,140.

कारण असं, की लाइट बिलाची ओळ खाली सरकली तरी तिचं सूत्र अजून F7 कडेच, म्हणजे दुधाच्या ओळीकडेच बघत होतं. डॉक्टरांची ओळ तिने ओलांडली. ओळ पुसली तर निदान खालपर्यंत `#REF!` ची बोंब होते. ओळ घातली तर शीट गप्प बसते. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवलं नसतं तर मला कळलंच नसतं.

दुसरी चूक जूनअखेरीस कळली. मागच्या महिन्याची शिल्लक मी पहिल्या ओळीत जमा रकान्यात लिहीत होतो. वडिलांच्या वहीत ‘मागील पानावरून पुढे’ असायचं, तसंच. शिल्लक बरोबर यायची, पण तीन महिन्यांची जमा 1,80,810 दिसायला लागली. पगार 42,000, म्हणजे 1,26,000 हवे. वरचे 54,810 म्हणजे तिन्ही महिन्यांच्या आरंभीच्या शिलकी, 15,150, 18,400 आणि 21,260. पुढे ओढलेली शिल्लक ही कमाई नव्हे, हे वहीत आपोआप कळतं. शीटला वेगळं सांगावं लागतं.

म्हणून जुलैपासून मांडणी बदलली. आरंभीची शिल्लक B1 मध्ये, अखेरची B2 मध्ये, रकान्यांची नावं चौथ्या ओळीत, नोंदी पाचव्यापासून. पाचव्या ओळीतलं शिलकीचं सूत्र असं, तेच खाली ओढायचं:

```
=B$1+SUM(D$4:D5)-SUM(E$4:E5)
```

आणि B2 मध्ये:

```
=B1+SUM(D4:D)-SUM(E4:E)
```

बेरीज मुद्दाम चौथ्या, नावांच्या ओळीपासून घेतली आहे. SUM अक्षरं सोडून देतं, आणि पहिल्या नोंदीच्या वर ओळ घातली तरी ती बेरजेतच राहते. मध्ये कुठेही ओळ घाला, खालच्या शिलकी स्वतःहून बदलतात. नव्या ओळीत मात्र शिलकीचं सूत्र वरून कॉपी करावं लागतं. ते विसरलात तरी फक्त तो एक चौकोन रिकामा राहतो, पुढचा हिशोब बिघडत नाही. अखेरची शिल्लक वर ठेवल्यामुळे महिन्यात चाळीस नोंदी असोत की नव्वद, पुढच्या टॅबला तिचा पत्ता एकच: `='जुलै'!B2`.

तरी सप्टेंबरमध्ये फसलोच. ऑगस्टच्या टॅबची डुप्लिकेट काढली, नोंदी पुसल्या आणि B1 मधलं नाव बदलायचं राहिलं. गणपतीत खर्च होऊन ऑगस्टअखेर उरले होते 8,320, आणि सप्टेंबर उघडला जुलैअखेरच्या 19,870 वर! 11,550 रुपये जास्त दिसत होते आणि मी त्या खुशीत मिक्सर घेऊन बसलो. (बायकोने ‘पैसे आहेत ना?’ विचारलं होतं. मी फोन दाखवला.) ओळखायची खूण सोपी आहे: लागोपाठच्या दोन टॅबांत B1 सारखाच दिसला, तर नव्वद टक्के हेच झालेलं असतं. आता डुप्लिकेट काढल्यावर पहिलं काम B1.

एक गोष्ट अजून खटकते. टॅब असे साखळीत असल्यामुळे जुलैमधला एखादा आकडा चुकून बदलला, तर जानेवारीची शिल्लकही बदलते, आणि ट्रेनमध्ये धक्का लागून आकडा बदलणं काही अवघड नाही. म्हणून बँकेशी ताळा जुळला की तो टॅब ‘प्रोटेक्ट शीट’ करून ठेवतो. माझ्याच नावावर असल्याने मला पूर्ण अडवत नाही, म्हणून फक्त इशारा दाखवण्याचा पर्याय निवडलाय. डिसेंबरमध्ये तो इशारा दोनदा आला. दोन्ही वेळा मी भलत्याच टॅबमध्ये भाजीचे पैसे लिहीत होतो.