पावतीचा फोटो आणि ‘हे मार्गी लाव’: सात महिन्यांच्या वापरानंतर

सात महिने झाले, पावत्यांसाठी मी एक एआय अ‍ॅप वापरते आहे. पावतीचा फोटो पाठवायचा, सोबत एखादं वाक्य लिहायचं, पुढचं काम त्याने करायचं. माझं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘हे मार्गी लाव’. पैसे देऊन बाहेर पडताना एका हातात सामान असतं, मागे रांग असते. त्या घाईत याहून जास्त लिहिणं होत नाही. आणि अ‍ॅपचा कस लागतो तो याच तीन शब्दांवर. माझ्या काही पावत्या फक्त माझ्या खर्चात नोंदवायच्या असतात, तर काही तिघीचौघींत वाटायच्या असतात. फोटो दोन्ही वेळा सारखाच दिसतो.

पावती वाचण्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही. उन्हात राहून पुसट झालेला थर्मल कागद सोडला, तर तारीख, एकूण रक्कम आणि एकेक ओळ ते नीट उचलतं. अडचण वाचून झाल्यावर सुरू होते. खर्च नोंदवायला तारीख, दुकान, एकूण रक्कम आणि प्रकार एवढं पुरतं; मधल्या ओळी नसल्या तरी चालतं. वाटणीला नेमक्या त्या मधल्या ओळीच लागतात, आणि शिवाय पावतीवर कधीच न छापलेल्या दोन गोष्टी: माणसं किती होती आणि पैसे कोणी दिले. म्हणजे अर्धी माहिती कागदावर असते, अर्धी माझ्या डोक्यात. अ‍ॅपला अंदाज करावा लागतो तो या दुसऱ्या अर्ध्याचा.

पहिले दोन महिने ते प्रत्येक पावती खर्चच समजायचं. मला ते सोयीचं वाटलं, कारण चूक दिसतच नव्हती. ती कशी लपली हे सांगण्यासारखं आहे, म्हणून एक बिल सविस्तर सांगते.

आम्ही तिघी जेवायला गेलो होतो आणि पैसे मी दिले. पदार्थांची बेरीज १,०००, त्यावर ५ टक्के कर म्हणजे ५०, १० टक्के सेवा शुल्क म्हणजे १००, एकूण १,१५०. अ‍ॅपने १,१५० माझ्या बाहेरच्या जेवणाच्या खर्चात टाकले. दोन दिवसांनी दोघींनी आपापला वाटा पाठवला, मिळून ७८२. अ‍ॅप खात्यावरच्या व्यवहारांचे संदेश वाचतं, त्यामुळे ते ७८२ त्याने जमा बाजूला, उत्पन्न म्हणून लिहिले. आता गंमत बघा: माझा खर्च ७८२ ने फुगला आणि उत्पन्नही ७८२ नेच फुगलं. महिन्याची शिल्लक अगदी बरोबर आली. खात्यातली रक्कम आणि अ‍ॅपमधली रक्कम जुळत होती, मग शंका यायची कशी? दुसऱ्या महिन्याच्या शेवटी मी प्रकारवार खर्च उघडला, तेव्हा बाहेरचं जेवण घरच्या वाणसामानाच्याही वर गेलेलं दिसलं. तसं आम्ही नक्कीच जेवलो नव्हतो. एकेक नोंद मागे जाऊन पाहिली, तेव्हा उलगडा झाला. अशी चूक शोधायची असेल तर शिलकीकडे बघून उपयोग नाही. उत्पन्नाच्या यादीत ओळखीच्या माणसांकडून आलेल्या छोट्या रकमा आहेत का, ते बघायचं.

या बिलाचं खरं उत्तर ‘खर्च’ही नव्हतं आणि ‘वाटणी’ही नव्हतं. दोन्ही होतं. आधी वाटणी, मग माझ्या वाट्यापुरता खर्च, आणि उरलेलं दोघींकडून येणं. माझे पदार्थ २२० चे, दुसरीचे ३३० चे, तिसरीचे १५० चे आणि मधोमध ठेवून तिघींनी खाल्लेले ३०० चे, म्हणजे प्रत्येकी १००. पदार्थांचे वाटे झाले ३२०, ४३० आणि २५०. कर आणि सेवा शुल्क पदार्थांच्या किमतीवर लागलं, तेव्हा ते त्याच प्रमाणात वाटायला हवं. म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला १.१५ ने गुणायचं: ३६८, ४९४.५० आणि २८७.५०. माझा खर्च ३६८, येणं ७८२. ते ७८२ परत आले की येणं शून्य होतं. उत्पन्नाशी त्यांचा संबंध नाही. पुढे अ‍ॅप वाटणी करू लागलं, तेव्हा सुरुवातीला ते कर आणि शुल्क हे जणू आणखी दोन पदार्थच असल्यासारखे सारखे वाटायचं. तसं केलं तर या बिलात सगळ्यात कमी खाल्लेल्या तिसरीला २८७.५० ऐवजी ३०० पडले असते. फरक लहान असतो, पण तो दर वेळी कमी खाणाऱ्याच्याच अंगावर येतो.

तिसऱ्या महिन्यात अ‍ॅप बदललं आणि अंदाज दुसऱ्या टोकाला गेला. पावतीवर एकच वस्तू दोनतीनदा आली की ते वाटणी धरू लागलं. माझा मनस्ताप झाला तो तेव्हा. कामानिमित्त एका ग्राहकाला आणि तिच्या सहकाऱ्याला मी जेवायला नेलं होतं. तो खर्च पूर्ण माझा होता, वर्षअखेरीच्या हिशेबासाठी मला तो आख्खा नोंदवायचा होता. माणसं तीन दिसली म्हणून अ‍ॅपने तीन वाटे केले, शेवटचा वापरलेला गट उचलला आणि माझ्या दोन मैत्रिणींना पैशांची मागणी पाठवून दिली. संध्याकाळी एकीचा फोन आला. “अगं, हे कशाचे पैसे? मी तर घरीच होते आज.” तिने समजून घेतलं. पण पैसे मागणं ही नाजूक गोष्ट आहे, आणि न केलेल्या खर्चाचे पैसे मागितले गेले याचं मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. दोन्ही चुका सारख्या नाहीत. चुकून खर्चात गेलेली नोंद माझ्यापुरती राहते, दोन महिन्यांनी सापडली तरी दुरुस्त होते. चुकून पाठवलेली मागणी दुसऱ्याच्या फोनवर वाजलेली असते. ती मागे घेता येते, पण समोरच्याने वाचलेली असते. म्हणून अंदाज कितीही खात्रीचा असो, दुसऱ्या माणसापर्यंत काहीही जाण्याआधी अ‍ॅपने थांबायला हवं. माझ्या मागणीमुळे असेल किंवा आणखी कोणाच्या, पाचव्या महिन्यात ही सोय आली. सेटिंग्जमध्ये आपोआप मागणी पाठवणं बंद करता येतं. मी ते त्याच दिवशी बंद केलं. नवीन वापरणाऱ्याने पहिलं काम हेच करावं.

आता अंदाज बराच सुधारला आहे, आणि कशामुळे तेही नोंदींवरून कळतं. पावतीवर छापलेली वेळ आणि फोटोची वेळ यांत पाचदहा मिनिटांचं अंतर असेल, तर टेबलावर बसूनच फोटो काढलेला असतो आणि बहुधा वाटणी हवी असते. अंतर दिवसांचं असेल, किंवा सातआठ पावत्या एकदम आल्या असतील, तर महिनाअखेरीची आवराआवर चाललेली असते. तिथे खर्च धरणंच योग्य. पावतीवर माझ्या व्यवसायाचं नाव किंवा कर क्रमांक असेल तर वाटणीचा प्रश्नच येत नाही. बिलावर पाहुण्यांची संख्या छापलेली असली की ती मोलाची, पण तिच्यावरून माणसं किती एवढंच कळतं. पैसे कोणी सोसायचे ते कळत नाही. माझ्या ग्राहकाच्या जेवणात नेमकं हेच निसटलं होतं.

आपले शब्दही यात मदत करतात, हे मला उशिरा लक्षात आलं. ‘हे मिटवून टाक’ असं आपण म्हणतो तेव्हा समोर दुसरं कोणीतरी असतं. देणंघेणं दोघांतच मिटतं. ‘लिहून ठेव’ किंवा ‘हिशेबात धर’ म्हटलं की ते स्वतःपुरतं असतं. ‘हिशेब कर’ मात्र दोन्हीकडे जातं, आणि ‘मार्गी लाव’, ‘बघून घे’ यांतून तर काहीच कळत नाही. अ‍ॅप हे फरक आता बऱ्यापैकी ओळखतं. मी मुद्दाम एकच पावती दोन वेगवेगळ्या दिवशी, ‘मिटवून टाक’ आणि ‘लिहून ठेव’ असं लिहून पाठवून पाहिली. दोन्ही वेळा बरोबर पान उघडलं. तरी घाईत माझ्या बोटांवर ‘मार्गी लाव’च येतं. सवय आहे.

राहिला प्रश्न विचारण्याचा. मधल्या एका आवृत्तीत प्रत्येक पावतीला खर्च की वाटणी असं विचारलं जायचं, औषधाच्या पावतीलासुद्धा. आठवड्याभरात मी न वाचताच पहिलं बटण दाबू लागले, म्हणजे प्रश्न असून नसल्यासारखाच. सध्याची पद्धत मला सगळ्यात आवडली आहे. पावती एकटीची असल्याचं स्पष्ट दिसत असेल तर नोंद गुपचूप होते. शंका असेल तेव्हाच प्रश्न येतो, आणि तो काय करू असा नसतो. किती जणांचं, एवढाच असतो. मी १ लिहिलं की पूर्ण रक्कम खर्चात जाते. ३ लिहिलं की तीन वाटे होतात, माझा वाटा खर्चात, बाकीचं येण्यात, आणि मैत्रिणींची नावं मी निवडेपर्यंत कोणालाही काही जात नाही. एका आकड्यात दोन्ही कामं होतात, कारण खर्चाच्या नोंदीलाही शेवटी माझा वाटाच हवा असतो. ग्राहकाच्या जेवणाला मी आता १ लिहिते, टेबलावर कितीही माणसं असोत.

दोन गोष्टी अजून अडतात. बिल आणि कार्डची चिठ्ठी असे दोन फोटो पाठवले की कधीकधी दोन खर्च होतात. रक्कम सारखी असेल तर अ‍ॅप ओळखतं. पण बिल १,१५० चं आणि टिप धरून कार्डवर १,२०० गेले असतील, तर ते दोन वेगळे व्यवहार समजतं. मी अशा वेळी चिठ्ठीचा फोटो पाठवत नाही, नोंदीतली रक्कम हाताने १,२०० करते आणि वरचे ५० सगळ्यांत वाटते. दुसरं म्हणजे परत केलेल्या वस्तूची पावती. रकमेमागचं उणे चिन्ह फिकट छापलेलं असलं की परतावा खर्च म्हणून चढतो, आणि चूक दुप्पट दिसते. गेल्या आठवड्यात असंच झालं. ती नोंद मी काढून टाकली आहे आणि फोटोसकट अ‍ॅपवाल्यांकडे पाठवली आहे.