सांबार, पोपट आणि मण: भावफलक वाचणाऱ्या ॲपचा सात महिन्यांचा अनुभव

नागपुरात आमची मेस आहे. खरेदी माझ्याकडे, हिशेब भागीदाराकडे. तो मूळचा केरळचा; मराठी बोलतो, पण वाचता येत नाही. म्हणून कळमन्याच्या बाजारात भावफलकाचा फोटो काढायचा, ॲपमधून इंग्रजी करायचा आणि त्याला पाठवायचा, असं सात महिने चाललंय.

छापील फलकावर ॲप झकास चालतं. गहू, तूर, सोयाबीन, कुठेच अडत नाही. गंमत होते ती भाजीच्या फळ्यावर. आपण कोथिंबिरीला सांबार म्हणतो. ॲपनं त्याचं एकदा हरीण केलं. पोपटाच्या शेंगांपुढे नुसतं 'पोपट ६०' लिहिलं होतं, तर भागीदाराला पक्षीच साठ रुपये किलोनं दिसला. कोहळ्यावर मात्र हसू आलं नाही. आपल्याकडे कोहळं म्हणजे लाल भोपळा, पुण्याकडे पांढरा, वड्या-पेठ्याचा. ॲपनं पांढरा दिला. पोपट चुकलाय हे दिसतं तरी, हे दिसत नाही.

खरा फटका बसला तो मणात. हातानं लिहिलेल्या फळ्यावर 'आलू ८०० मण' होतं. ॲपनं 'ण'चा 'न' वाचला आणि इंग्रजीत 'माइंड' आलं. बाकी ओळी क्विंटलच्या होत्या, म्हणून भागीदारानं आलूही क्विंटलवर धरले, म्हणजे आठ रुपये किलो. आमच्या अडत्याकडे मण ४० किलोचा, म्हणजे खरा भाव वीस. दोन मणाचे त्यानं ६४० मांडले, मी दिले १६००. स्वस्ताईचे दिवस होते, आठ रुपये कोणालाच खोटे वाटले नाहीत. तुरीचा चार आकडी भाव किलोचा म्हणून आला असता तर लगेच खटकलं असतं.

तेव्हापासून फोटोत वरची 'दर रु. प्रति क्विंटल' ही ओळ आलीच पाहिजे, हा नियम. आधी मी ती कापायचो, कारण आकडे मोठे दिसायचे. धान्याच्या फलकावर दुसरी तपासणी फुकटात मिळते: किमान, कमाल, सर्वसाधारण. सर्वसाधारण भाव या दोघांच्या मधे बसायला हवा. एकदा हरभरा किमान ५२००, कमाल ५६५०, सर्वसाधारण ९५०० आला. खडूतला ५ ॲपनं ९ वाचला होता. (त्या 'कमाल'चं भाषांतर 'वंडरफुल' होतं, ते वेगळंच.) 'रु. २५/-' चं २५१ होणं तर नेहमीचंच.

खडूच्या फळ्याचं ॲपला आता देतच नाही. मी वाचतो, व्हॉइस मेसेज करतो. छापील फलक ॲपनंच, पण सोबत तीसेक शब्दांची यादी भागीदाराच्या टेबलावर चिकटवलीय. सगळ्यात वर सांबार आहे.