घड्याळ रेखांशाचं की विमानाचं?

जहाजावर नियम तसा सरळ असतो, १५ अंश रेखांश ओलांडले की घड्याळ एक तास पुढे किंवा मागे, आणि ते नेमकं कधी फिरवायचं हे कॅप्टन ठरवतो. बहुतेक वेळा रात्री करतात, काही जहाजांवर तर तो तास २०-२० मिनिटांत तीन वॉचमध्ये, म्हणजे ड्यूटीच्या पाळ्यांमध्ये, वाटतात, त्यामुळे एकाच वॉचवाल्यांवर सगळा भार पडत नाही. रेडिओ संपर्काची नोंदवही मात्र UTC या जागतिक प्रमाणवेळेतच.

आता हेच ध्रुवाजवळ करून बघा. विषुववृत्तावर १५ अंश म्हणजे साधारण १,६७० किमी, ८९ अंश अक्षांशावर जेमतेम २९ किमी! १० नॉट्सने, म्हणजे ताशी साधारण १८.५ किमीने, सरळ पूर्वेला निघालात तर दर दीड तासाला घड्याळ फिरवत बसायचं, जेवायचं कधी आणि झोपायचं कधी? म्हणून तिथे जहाजंही रेखांश सोडून सोयीची एक वेळ धरतात.

दक्षिण ध्रुवावरच्या अमुंडसेन-स्कॉट संशोधन स्टेशनला तर सगळेच रेखांश पायाखाली, आणि सूर्य वर्षातून एकदाच उगवतो त्यामुळे त्याचीही मदत नाही. स्टेशन अमेरिकेचं, पण घड्याळ न्यूझीलंडचं, कारण माणसं नि सामान न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चहून अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरच्या मॅकमर्डो स्टेशनमार्गे येतं. न्यूझीलंडने उन्हाळ्यात घड्याळ पुढे केलं की हेही करतात, जिथे सहा महिने ऊन मावळतच नाही तिथे डेलाइट सेव्हिंग, गंमतच आहे! पण मला हेच पटतं, विमान कधी उतरणार याचा हिशोब दोन्हीकडे एकाच घड्याळावर होतो.