टोमॅटोला बांबू 6 फुटावर की 8 फुटावर? तारेचा हिशोब लावून बघा

प्लॉट समजा 11 गुंठे, 120 फुटांच्या 20 सऱ्या, 5 फुटाचा पट्टा आणि तारेच्या तीन लाइन. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, 16 गेज घेऊ की 14, आणि खरं सांगायचं तर बांबू किती लागणार ते त्यावरच ठरतं.

आधी बांबू. 120 भागिले 6 म्हणजे 20, पण हे गाळे झाले, बांबू 21 लागतात, शेवटचा कोण धरणार! मी पहिल्या वर्षी 400 आणले आणि 20 सऱ्यांना नेमके 20 कमी पडले, परत टेम्पो. म्हणजे 6 फुटावर 420, 8 फुटावर 320, 10 फुटावर 260. मधून फवारणीची वाट सोडणार असाल तर सरीचे दोन तुकडे होतात, बांबू फार वाढत नाहीत पण ताण द्यायची टोकं 40 ची 80 होतात, ते विसरू नका.

आता तार. प्रत्येक लाइनला बांधायला आणि टोकाच्या ताणाला 10 फूट जादा धरा, 130 गुणिले 3 गुणिले 20 म्हणजे 7800 फूट. 16 गेज किलोला साधारण 200 फूट येते, म्हणजे 39 किलो, आणि 14 गेज 130 च्या आसपास, म्हणजे 60-61 किलो.

तारेचा झोळ अंतराच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे तेवढाच ताण ठेवून 6 चं 8 केलं की झोळ पावणेदोन पट आणि 10 केलं की पावणेतीन पट. जाड तारेने झोळ आपोआप कमी होत नाही, ती फक्त दीडपट जास्त ओढता येते. म्हणून 8 फूट आणि 14 गेज चांगली ओढलेली, हे जवळजवळ 6 फूट आणि 16 गेजसारखंच उभं राहतं. फरक एवढाच की 100 बांबू वाचतात आणि 22 किलो तार वाढते. तेव्हा एका बांबूचा भाव किलोभर तारेच्या पाचव्या हिश्शाच्या वर असेल तर मी सरळ 8 आणि 14 घेतो, घरच्या बेटातल्या काठ्या फुकट मिळत असतील तर 6 आणि 16 च बरं.

पण तार जास्त ओढली की तो वाढलेला ताण जातो टोकाच्या बांबूवर. तो जाड घ्या, दोन फूट गाडा आणि बाहेरच्या बाजूला खुंटीला तारेने ताण द्या. फळं धरल्यावर टोकाचा बांबू आत झुकायला लागला की समजायचं खुंटी सुटतेय, मधले बांबू कितीही वाढवा मग उपयोग नाही. 10 फूट मात्र मी पावसाळी प्लॉटला घेत नाही, ओल्या झाडांवर वारा बसला की मधला एखादा बांबू मोडतो आणि 20 फुटाचा गाळा होऊन सगळी लाइन लोळते.