दवाखान्यातील टीव्ही आणि हॉटेल मोड : सात महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या दंतचिकित्सालयाच्या प्रतीक्षाकक्षात ४३ इंची साधा एलईडी टीव्ही सात महिन्यांपासून लावलेला आहे. रूट कॅनालनंतर घ्यायची काळजी, लहान मुलांनी ब्रश कसा धरावा, तपासणीच्या वेळा अशी स्वतः तयार केलेली अठरा मिनिटांची मूक चित्रफीत त्यावर दिवसभर फिरत राहते. माझी अपेक्षा माफक होती: सकाळी मावशींनी भिंतीवरचे बटण दाबावे, रात्री बंद करावे आणि मधल्या वेळात रिमोटला कोणी हात लावू नये. ही अपेक्षा पूर्ण व्हायला सुमारे दोन महिने लागले.

सुरुवातीला मी पेनड्राइव्ह थेट टीव्हीला जोडला. चित्रफीत उत्तम चाले, परंतु वीज जाऊन आली की टीव्ही स्टँडबायमध्ये, लाल दिवा लावून, नुसता बसून राही. आणि चालू केल्यावरही फोल्डर उघडून फाइल निवडून ‘रिपीट’ लावावे लागे. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज अधूनमधून जातेच, त्यामुळे दिवसातून दोनदा रुग्ण सोडून मला बाहेर यावे लागत असे.

हॉटेल मोडची माहिती त्यानंतर मिळाली. हॉटेलच्या खोल्यांसाठी केलेला हा मेनू अनेक साध्या टीव्हींमध्येही दडलेला असतो आणि रिमोटवर ठरावीक क्रमाने बटणे दाबली की उघडतो. हा क्रम कंपनीगणिक वेगळा असल्याने तो मॅन्युअलमध्ये पाहावा किंवा सर्व्हिस सेंटरला विचारावा. इंटरनेटवर सापडलेले आकडे एकामागून एक दाबून पाहू नयेत, कारण त्यातून कधी कधी तंत्रज्ञांचा सर्व्हिस मेनू उघडतो आणि तेथे एखादी नोंद चुकून बदलली तर चित्रच बिघडू शकते.

या मेनूत मी चार गोष्टी ठरवल्या. वीज आल्यावर टीव्ही स्टँडबायमध्ये न राहता सुरू व्हावा, सुरू होताना आवाज शून्य असावा, टीव्हीच्या मागची बटणे बंद राहावीत आणि रिमोटवरून नेहमीचा मेनू उघडू नये. पाचवी नोंद, म्हणजे सुरुवातीचा सोर्स, यूएसबी ठेवून पाहिली. पण माझ्या टीव्हीत तेवढ्याने फक्त फोल्डरची यादी समोर येते, फाइल आपोआप चालत नाही. काही मॉडेलमध्ये यूएसबी ऑटोप्लेची वेगळी सोय असते, तेव्हा खरेदीपूर्वी दुकानात स्वतःचा पेनड्राइव्ह लावून, प्लग काढून पुन्हा जोडून पाहावे. विक्रेत्याच्या तोंडी ‘हो’वर मी विसंबलो, ती चूक झाली.

शेवटी वीज मिळताच पेनड्राइव्हवरील फाइल लूपमध्ये चालवणारा छोटा मीडिया प्लेअर घेतला, तो एचडीएमआय १ ला जोडला आणि सुरुवातीचा सोर्स तोच ठेवला. वायर वाचवण्यासाठी प्लेअरला टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून वीज दिली, तेव्हा तो दिवसातून अनेकदा आपोआप रिस्टार्ट होऊ लागला. चित्रफितीच्या मध्येच त्याचा लोगो दिसू लागला, म्हणून कारण कळले: टीव्हीच्या साध्या पोर्टमधून बहुधा अर्धा अँपिअरच मिळतो. वेगळा अडॅप्टर लावल्यापासून ही तक्रार उरलेली नाही.

सर्वांत जास्त छळले ते दीड वाजताच्या काळ्या पडद्याने. साडेनऊला लावलेला टीव्ही बरोबर दीड वाजता बंद पडे. मी आधी पॅनल तापत असावे असे समजून मागची जागा मोकळी केली. एके दिवशी मावशींनीच सांगितले, “डॉक्टर, बंद व्हायच्या आधी खाली काहीतरी लिहून येतं.” ती सूचना होती चार तास रिमोटचे एकही बटण न दाबल्याची. वीजबचतीसाठी असलेली ही सोय स्लीप टायमरहून वेगळी असते. माझ्या टीव्हीत ती हॉटेल मेनूत नसून नेहमीच्या मेनूतील वीजबचतीच्या पोटविभागात होती, म्हणून कुलूप उघडून, ती बंद करून, पुन्हा कुलूप लावावे लागले. बंद पडण्याची वेळ सुरू केल्यापासून रोज तितकीच असेल, तर तापमानाकडे न पाहता प्रथम ही नोंद पाहावी.

कुलपातून एकच वाट उरली होती. रिमोटवरून मेनू उघडत नसला तरी आवाज आणि पॉवरची बटणे चालत होती, आणि एका रुग्णाच्या मुलाने इन्फ्रारेड असलेल्या मोबाइलवरून टीव्ही बंद करून दाखवला. रिमोटचा सेन्सर काळ्या इन्सुलेशन टेपच्या दुहेरी तुकड्याने झाकला आहे. मला काही बदलायचे असेल तेव्हा टेप काढतो. टीव्ही वाय-फायला मुद्दाम जोडलेला नाही, त्यामुळे अपडेटची चौकट रुग्णांसमोर येत नाही.

चित्रफितीत बदल करायचा झाल्यास पेनड्राइव्ह काढून नवी फाइल भरावी लागते, आणि महिन्यातून एकदा ते करणे मला जड जात नाही. ज्यांना दररोज दर बदलायचे आहेत अशा दुकानदारांना मात्र ही मांडणी लवकरच कंटाळवाणी होईल.