हायड्रॉक्सीयुरिया, १४ महिने: पहिला अर्धा रिव्ह्यू रागात लिहिला होता, तो तसाच ठेवलाय

हे मूळ लिहायला घेतलं होतं अडीचव्या महिन्यात, क्रायसिसमधून म्हणजे जोरात दुखण्याच्या झटक्यातून उठल्यावर. तेव्हाचं पहिलं वाक्य असं: "रोज न चुकता कॅप्सूल गिळली, दर चार आठवड्यांनी सुई टोचून घेतली आणि शेवटी पाठ-मांड्या धरून तीन रात्री सलाईनवरच काढल्या, मग ही घ्यायची कशाला?" तेव्हा माझ्याकडून एक स्टार. सिकलसेल (एसएस) म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना माहीतच असणार, त्यामुळे ते सांगत बसत नाही.

माझं वजन ५० किलो. सुरुवात रोज ५०० मिलिग्रॅमची एक कॅप्सूल, म्हणजे किलोला १०. आधीच्या वर्षात पाच क्रायसिस, त्यातल्या तीन वेळा ॲडमिट. सुरुवातीचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन ७.६, एचबीएफ म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन ५ टक्के, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा आकार ८४, न्यूट्रोफिल म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी ७,२००. दादा म्हणाला, "अगं, ही कॅन्सरवाल्यांची गोळी आहे ना, तू कशाला घेतेस?" औषध तेच आहे हे खरं. पण इथे डोस रक्ताचे काउंट बघत बघत ठरवतात आणि हेतूही वेगळा असतो.

तर अडीचव्या महिन्यात मी रिपोर्टची फाईल टेबलावर आपटली. डॉक्टरांनी दुखण्याबद्दल विचारलं, पण नजर सगळी न्यूट्रोफिलच्या आकड्यावर. ६,८०० होता. म्हणाले, "औषध तुमच्या हाडांतल्या मज्जेपर्यंत, जिथे रक्तपेशी तयार होतात, पोचल्याची काही खूणच नाही. हे औषध फेल गेलेलं नाही, डोस कमी पडलाय." एचबीएफ तेव्हा जेमतेम ६.५. ते म्हणाले की एरवी मोठ्यांना किलोला १५ पासूनच सुरू करतात, माझ्या बाबतीत जपून १० ठेवला होता. मग दर आठ आठवड्यांनी ५-५ वाढवत जायचं, न्यूट्रोफिल साधारण २,००० ते ४,००० मध्ये येईपर्यंत, आणि कितीही झालं तरी ३५ च्या वर नाही. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर फाईल आपटली नसती.

आता माझी खरी तक्रार, जिच्यावर मी इथे गरजेपेक्षा जास्त जागा खाणार आहे. मला मिळते ती कॅप्सूल ५०० ची. ५० किलोला १५ म्हणजे ७५०. दीड कॅप्सूल कशी गिळायची? ती उघडायची नाही, पावडर हाताला लागू द्यायची नाही. म्हणून एक दिवस एक, एक दिवस दोन. मी ठरवलं विषम तारखेला दोन, सम तारखेला एक, आणि खूश झाले, महिना संपेपर्यंत. ३१ पण विषम आणि १ पण विषम! डॉक्टरांना घाबरत फोन केला तर ते हसले, मज्जा कॅलेंडर बघत नाही म्हणाले, आठवड्यांची सरासरी महत्त्वाची. ठीक आहे, पण लहान ताकदीची कॅप्सूल ठेवायला काय जातं?

असो. आठ आठवड्यांनी रोज दोन झाल्या, आणि तिथून रिव्ह्यूचा सूर बदलतो. एमसीव्ही ८४ वरून ९१, मग १०५. लॅबवाल्याने त्यापुढे लाल खूण करून बी-१२ कमी आहे का बघा म्हणून सुचवलं, पण इथे हा आकडा वाढणं ही चांगली खूण आहे. पेशी मोठ्या होतात, पाणी धरतात, आतलं सिकल हिमोग्लोबिन पातळ होतं. आणि गोळ्या खरंच घेतेय की खोटं बोलतेय हेही त्यावरून डॉक्टरांना कळतं (माझ्याकडे बघून हसले होते, तेव्हा नाही पण नंतर समजलं). नवव्या महिन्यात एचबीएफ १८ टक्के.

हे १८ टक्के नेमकं करतं काय ते मला उशिरा कळलं, म्हणून जरा नीट लिहिते. सिकल हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की त्याचे रेणू एकाला एक चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी वाकते. गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीऐवजी गॅमा साखळी असते आणि ती त्या दोऱ्यात बसत नाही. एवढंच नाही, अर्धं हे अर्धं ते असा मिश्र रेणू झाला तर तोही बसत नाही, म्हणून थोडं वाढलं तरी फायदा टक्क्यांपेक्षा मोठा. दुसरं म्हणजे दोरे लगेच होत नाहीत, आधी थोडा वेळ जातो. तो वेळ लांबला की पेशी बारीक नळ्यांमधून निसटून, वाकायच्या आत फुफ्फुसात परत पोचते आणि ऑक्सिजन घेते. सगळा खेळ त्या उशिराचा आहे. बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही त्याचं कारणही हेच, जन्मतःच भरपूर एचबीएफ असतं.

पण १८ ही सरासरी आहे. काही पेशींत भरपूर आणि काहींत जवळजवळ शून्य असं असेल तर शून्यवाल्या पेशी वाकतातच, त्यामुळे सारखाच टक्का असलेल्या दोघांना सारखा आराम मिळत नाही. शिवाय पांढऱ्या पेशी कमी होतात, भिंतीला चिकटणं कमी होतं, म्हणून काहींना एचबीएफ चढायच्या आधीच बरं वाटायला लागतं. मला तसं काही वाटलं नाही.

१९९५ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत २९९ मोठी माणसं होती. वर्षाला क्रायसिसचा मध्यम आकडा गोळीवाल्यांत २.५ आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ४.५. अॅक्युट चेस्ट सिंड्रोम, म्हणजे फुफ्फुसात होणारा सिकलसेलचा गंभीर त्रास, साधारण निम्म्यावर आणि रक्त चढवावं लागलेली माणसं साधारण एक तृतीयांशाने कमी. म्हणजे शून्य नाही, हे आधी वाचलं असतं तर अडीच महिन्यात रडले नसते.

दहाव्या महिन्यात घोळ झाला. ताप आला. मी म्हटलं व्हायरल आहे, आठवड्याने सीबीसी आहेच, एक टेस्ट वाचेल. आई ऐकेना, त्याच रात्री घेऊन गेली. न्यूट्रोफिल १,१००. गोळी बंद, अँटिबायोटिक सुरू, दर आठवड्याला काउंट. दोन आठवड्यांत ३,००० वर आलं. चिडचिड करत महिन्या-महिन्याला टोचून घेतलेल्या त्या सुया कशासाठी होत्या ते तेव्हा कळलं, काउंट खाली जातं तेव्हा तुम्हाला काहीच जाणवत नाही. ताप आला तर वाट बघायची नाही.

परत सुरू करताना डोस १७.५, म्हणजे रोज ८७५. आता गणित करा: तीन दिवस दोन, चौथ्या दिवशी एक. सम-विषमही गेलं! फ्रीजवर चौकोन आखलेत, खुणा करते.

बाकी पटापट: नखांवर काळपट रेघा आल्यात, दुखत नाहीत. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून मग बंद करायची, पुरुषांनीही, कारण शुक्राणू कमी होतात. क्रायसिस सुरू झाल्यावर जादा गोळी घेऊन उपयोग शून्य, ही पेनकिलर नाही. डाव्या खुब्याचं हाड आधीच खराब झालंय ते तसंच आहे, जिना चढताना रोज आठवण करून देतं.

गेल्या आठ महिन्यांत एकदाच दुखलं, घरीच दोन दिवसांत थांबलं, ॲडमिट नाही. हिमोग्लोबिन ९.१, डोळ्यांचा पिवळेपणा कमी झालाय, एचबीएफ १७ वर टिकलंय. चार स्टार. पाचवा कापला तो फक्त त्या ५०० साठी. आज चौथा दिवस, एकच.