खाडीकाठचा भराव, व्हायब्रोवाला आणि माझे 24 लाख

लाज वाटते सांगायला, पण उरणकडे खाडीकाठी भराव टाकून कोणी गोडाऊन बांधणार असेल त्याने हे वाचाच. सहा मीटर भराव दाबून घ्यायचं काम 31,50,000 ला ठरलं, त्यातले 24,00,000 मी दिले आणि जमीन होती तशीच आहे.

काम घेणाऱ्या व्हायब्रोवाल्याने स्वतःच बोअर मारले आणि रिपोर्ट दिला, बारीक गाळ फक्त 7 टक्के, म्हणजे स्वच्छ वाळू, व्हायब्रो मस्त चालेल. व्हायब्रो म्हणजे पोकर नावाचा हादरणारा लांब दांडा जमिनीत घालून वाळू घट्ट करायची पद्धत. मी ट्रान्सपोर्टवाला, मला काय माहीत की त्याने नमुना कोरडाच चाळला होता! कोरड्यात गाळ वाळूच्या कणांना चिकटून, ढेकळं होऊन वरच्या चाळणीतच अडकतो. नंतर दुसऱ्या लॅबने तोच भराव पाण्याने धुऊन 75 मायक्रॉनच्या चाळणीतून काढला तेव्हा 27 टक्के निघाला. साधारण 10-12 टक्क्यांच्या वर गेलं की ही पद्धत रखडते, कारण हादऱ्याने कण सुटे होऊन जवळ बसायला मधलं पाणी पटकन निघून जावं लागतं, गाळ ते पाणी धरून ठेवतो आणि चिकण गाळ असेल तर हादरा लांब जातच नाही. धुतलेल्या चाळणीचा रिपोर्ट मागा, तोही तुमच्या लॅबचा.

पण मला खरा राग येतो तो पहिल्या दिवसाचा. स्वच्छ वाळूत पोकर वर ओढताना भोवती खड्डा पडतो, त्यात सारखी वाळू ढकलावी लागते. त्याच्याच सांगण्यावरून मी 150 ब्रास वाळू आणून ठेवली होती आणि संध्याकाळपर्यंत दोन ब्राससुद्धा गेली नव्हती. भोकातून राखाडी चिखल वर येत होता, पोकरच्या मोटरचा मीटरवरचा करंट तळापासून वरपर्यंत एकाच आकड्यावर, वाळू घट्ट होत असती तर तो चढला असता. मी विचारलं, तर म्हणे तुमचा भराव आधीच चांगला आहे साहेब. आणि मी दुसरा हप्ता दिला!!

जमिनीत नळी ठोकून घट्टपणा मोजतात, तो एसपीटीचा आकडा आधी 7-8 होता, नंतर 8-9, ठरले होते 20. त्यावर म्हणे महिनाभर थांबा, सेट होईल. थांबलो. आकडा तोच.

पोलीस म्हणाले दिवाणी मामला आहे. ग्राहक मंचात गेलो तर गोडाऊन म्हणजे व्यापारी कारण, तुम्ही ग्राहकच नाही. ज्या ऑफिसने प्लॉट दिला तिथे चार चकरा मारल्या, तिथला साहेब म्हणाला जमिनीची जबाबदारी तुमची. मी विचारलं, मग भराव कुणी टाकला होता? लेखी द्या म्हटलं तर गप्प. अर्जाला आवक नंबर मिळायलाच अकरा दिवस लागले. कोर्टात जा म्हणतात सगळे, वकिलाने नुसत्या नोटिशीचे 15,000 घेतले.

एक मात्र करा, पैसे खोलीच्या मीटरवर किंवा दिवसावर देऊ नका, नंतरच्या एसपीटीवर द्या आणि तो तिसऱ्याकडून करून घ्या. गाळ जास्त निघाला तर स्टोन कॉलम, म्हणजे जमिनीत खडीचे खांब लागतात, त्याचा दर वेगळा, ते काम वेगळं.

माझी 140 ब्रास वाळू अजून प्लॉटवर पडून आहे.